थकवा की नैराश्य? नव्या आईने आणि तिच्या नवऱ्याने घरच्या घरी कसं ओळखावं

बाळ महिना-दीड महिन्याचं झालं की घरातली बाळंतीण साधारण एकाच रूपात दिसते. डोळे सुजलेले, केस विंचरायला वेळ नाही, ताट गार झालेलं, आणि कुणी "कशी आहेस?" विचारलं की डोळ्यांत पाणी. दर दोन-तीन तासांनी उठून पाजणारी कुठलीही बाई अशीच दिसेल. बाळंतपणानंतरचं नैराश्य आलेली बाईही अगदी अशीच दिसते, म्हणून ते सगळ्यांच्या नजरेतून सुटतं. आई म्हणते, "झोप झाली की होईल बरी." सासूबाई म्हणतात, "आम्ही नाही का काढली पोरं?" नवऱ्याला काय बोलावं कळत नाही. आणि ती स्वतः धरून चालते की आपणच कमी पडतोय.

गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात केलेला अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणाला सहा ते आठ आठवडे झालेल्या आयांपैकी २३ टक्के जणींना त्यात नैराश्य आढळलं, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणी सहा महिन्यांनीही आजारीच होत्या. "आपोआप जाईल" म्हणून थांबायचं की नाही, हे ठरवताना हा दुसरा आकडा लक्षात ठेवा.

थकवा आणि नैराश्य वेगळं काढण्यासाठी खाली जे सांगतोय ते क्रमाने करा. एक अपवाद आहे. जीव द्यायचे विचार, विचित्र संशय, भास किंवा बरळणं यांपैकी काहीही असेल, तर मधलं सगळं सोडून थेट "आजच्या आज" या भागाकडे जा.

आधी दिवस मोजा

बाळाबरोबर वार बाहेर पडली की गर्भारपणात वाढलेली इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं दोन-तीन दिवसांत एकदम खाली येतात. साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी, दूध भरून येतं त्याच सुमाराला, बहुतेक बायकांना विनाकारण रडू येतं. बाळाचे मोजे पाहून रडू येतं आणि दहा मिनिटांनी त्याच मोज्यांवरून हसूही येतं. याला डॉक्टर बेबी ब्लूज म्हणतात. हा आजार नाही आणि त्याला औषध लागत नाही. दोन आठवड्यांच्या आत तो ओसरतो.

म्हणून चौदावा दिवस कॅलेंडरवर खूण करून ठेवा. त्यानंतरही उदासी दिवसाचा बराचसा वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकत असेल तर तिला ब्लूज म्हणून सोडून देऊ नका. उलटही होतं: पहिला महिना छान जातो, माहेरहून सासरी परत आल्यावर किंवा माणसं पांगल्यावर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात नैराश्य सुरू होतं. पहिल्या वर्षात ते केव्हाही येऊ शकतं. आणि पुष्कळदा ते बाळंतपणानंतर सुरूच झालेलं नसतं. गोव्यातल्या त्या अभ्यासात नैराश्य आढळलेल्या बहुतेक बायकांना गर्भारपणातच मानसिक त्रास होता, फक्त तेव्हा त्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. सातव्या-आठव्या महिन्यातही तिची झोप उडाली होती का, कशातच मन लागत नव्हतं का, हे नवऱ्याने आठवून पाहावं.

मग तिला खरी झोप मिळवून द्या आणि काय होतं ते पाहा

दोन्ही गोष्टी वेगळ्या करण्याचा घरी करता येण्यासारखा सर्वांत चांगला मार्ग हाच आहे. थकवा म्हणजे झोपेची उधारी असते, झोप दिली की ती फिटू लागते. नैराश्यात झोप द्यायला गेलं तरी ती घेता येत नाही, किंवा घेऊनही मन होतं तिथेच राहतं.

पण "बाळ झोपलं की तूही झोप" म्हणजे झोप देणं नव्हे. बाळ शेजारी असलं की आईचा एक कान जागाच असतो. लागोपाठ तीन-चार रात्री तिला एका दमात चार-पाच तास मिळायला हवेत. रात्री नऊच्या सुमाराला तिने बाळाला पोटभर पाजावं आणि दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून झोपावं. मोबाईल बाहेर ठेवावा. ढेकर काढणं, दुपटी बदलणं, थोपटणं हे सगळं दोन वाजेपर्यंत नवऱ्याकडे किंवा आजीकडे.

मध्ये बाळ भुकेजलं तर दोन पर्याय आहेत. एक, संध्याकाळी काढून ठेवलेलं आईचं दूध वाटी-चमच्याने पाजायचं. काढलेलं दूध साधारण पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात इतकी वाट पाहू नका, सरळ फ्रिजमध्ये ठेवा आणि वेळेला भांडं गरम पाण्यात धरून कोमट करा. गॅसवर उकळू नका. दुसरा पर्याय, बाळाला तिच्याकडे आणून एकदा पाजून घ्यायचं आणि लगेच परत न्यायचं. तिने दिवा लावून बसायचं नाही, दुपट्याला हात लावायचा नाही. ती पेंगत असेल तर बाळ उचलून नेण्याची जबाबदारी पाजण्यासाठी आणणाऱ्याची.

नवऱ्याने या रात्रींत तीन गोष्टी टिपून ठेवाव्यात, फोनमध्ये दोन ओळी पुरेत. पडल्यावर तिला झोप लागली का, किती वेळात? सकाळी उठल्यावर तिचा सूर बदललेला होता का? आणि दिवसभरात तिला स्वतःहून काही हवंसं वाटलं का? ही तिसरी नोंद मला सगळ्यांत मोलाची वाटते. नुसती थकलेली बाई तिसऱ्या सकाळी म्हणते, "आज मिसळ खाऊ या का?" किंवा मैत्रिणीला फोन लावते, किंवा नवऱ्यावर एखाद्या साध्या कारणावरून मस्त भांडते. इच्छा परत आली की बाकीचं हळूहळू मागे येतं.

यात फसगत कुठे होते? सिझेरियनचे टाके दुखत असतील, स्तनात गाठी होऊन ताप असेल किंवा बाळ पोटदुखीने किंचाळत असेल, तर झोप न लागण्याचं कारण तिथेच आहे. ते आधी निस्तरा आणि मग पाहा. दुसरी फसगत उलट्या बाजूची: नैराश्यात काही जणी भरपूर झोपतात, दुपारीसुद्धा अंथरुणातून उठत नाहीत. तिथे तासांकडे पाहू नका, उठल्यावर मन कसं आहे ते पाहा.

तिचे शब्द ऐका

थकलेली बाई थकव्याबद्दल बोलते: "पाठ मोडली", "एक दिवस तरी झोपू द्या मला." नैराश्यातली बाई स्वतःबद्दल बोलते: "मला जमतच नाहीये", "हिला दुसरी आई मिळाली असती तर बरं झालं असतं", "माझ्यामुळे सगळ्यांचं वाटोळं झालंय." अपराधीपणा जितका जास्त, तितका संशय नैराश्याचा.

काही जणींना रडू येत नाही, काहीच वाटत नाही. बाळाला वेळेवर पाजतात, न्हाऊ घालतात, पण सगळं कोरडेपणाने. काहींची सतत चिडचिड होते आणि नवऱ्याला वाटतं ही बदलली. काहींना काळजी घेरते: बाळ श्वास घेतंय का हे पाहायला रात्रीतून वीसदा उठणं, बाळ बरं असल्याचं डॉक्टरांनी सांगूनही धीर न येणं.

आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक बायका कुणालाच सांगत नाहीत. "बाळ माझ्या हातून गॅलरीतून खाली पडलं तर?" "हातातला सुरा लागला तर?" अशी चित्रं डोक्यात अचानक घुसतात. ती पाहून तिचा थरकाप होतो, ती गॅलरीत जाणं बंद करते, सुऱ्या लपवते. असे नकोसे विचार नव्या आयांमध्ये पुष्कळ आढळतात, नैराश्यात ते वाढतात. विचाराने ती स्वतःच घाबरते आहे, याचा अर्थ ते तिच्या इच्छेविरुद्ध येताहेत. डॉक्टरांना हे सांगितलं म्हणून कुणी बाळ काढून घेत नाही. नवऱ्याने हे ऐकून दचकून "असं कसं तुझ्या मनात येतं?" म्हटलं तर ती पुन्हा कधीच सांगणार नाही. "बरं झालं सांगितलंस, डॉक्टरांना विचारू" एवढंच म्हणावं.

एक जोडपं डोळ्यांसमोर ठेवू

हे उदाहरण रचलेलं आहे. अठ्ठावीस वर्षांची बाई, पहिलं बाळ, मुलगी, सिझेरियन. ती इस्लामपूरला माहेरी, नवरा पुण्यात नोकरीला, शुक्रवारी रात्रीच्या एसटीने येतो. सातवा आठवडा चालू आहे. टाके भरलेत, दूध पुरतंय, बाळाचं वजन वाढतंय. आई सांगते, "काही नाही हो जावईबापू, दमलीये. जेवत नाही नीट, त्यामुळं."

तो ठरवून चार दिवसांची रजा काढतो. पहिल्या रात्री ती साडेनऊला आडवी होते. बाळ हॉलमध्ये त्याच्यापाशी. तासाभराने ती उठून बाळाच्या नाकाशी बोट धरून जाते. दुसऱ्या रात्री लवकर झोप लागते, पण तिला अडीचला जाग येते. घर शांत, बाळ गाढ, आणि ती सहापर्यंत छताकडे पाहत असते. तिसऱ्या रात्री तेच. सकाळी तो विचारतो, "रात्री काय चाललेलं असतं डोक्यात?" बराच वेळ गप्प राहून ती म्हणते, "मला हिच्याबद्दल काही वाटतच नाही रे. आई म्हणून मी खोटी आहे."

मुलगी झाली म्हणून सासरच्या एका आत्याबाईंनी बारशाला टोमणा मारला होता, हेही त्याच बोलण्यातून निघतं. गोव्यातल्या अभ्यासात नैराश्याचा धोका वाढवणाऱ्या गोष्टींमध्ये मुलाची अपेक्षा असताना मुलगी होणं, नवऱ्याची मारहाण आणि पैशांची ओढग्रस्त ही कारणं होती. टोमण्यानं आजार आणला असं म्हणता येणार नाही, पण त्याने आत्याबाईंना फोन करून "पुन्हा हा विषय नको" सांगितलं, ते योग्यच झालं.

चौथ्या दिवशी दोघं स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जातात. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ९.४ निघतं, थायरॉइड ठीक. इथे एक वळण लागतं जिथे पुष्कळ घरं थांबतात: "बघा, रक्तच कमी होतं!" रक्त कमी होतंच आणि त्याची गोळी सुरू झालीच, पण ९.४ हिमोग्लोबिनमुळे दम लागतो, चक्कर येते. "मी खोटी आई आहे" हे त्याने समजावता येत नाही. डॉक्टर नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची यादी भरून घेतात, ३०पैकी १७ गुण येतात, आणि ते तिला सांगलीला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात.

रक्त आणि थायरॉइड का तपासायचं

बाळंतपणात रक्त जातं आणि आपल्याकडे मुळातच ते बऱ्याच जणींत कमी असतं, म्हणून हिमोग्लोबिन पाहावं. बाळंतपणानंतर काही बायकांच्या थायरॉइड ग्रंथीला सूज येते. पहिल्या काही महिन्यांत छाती धडधडते, घाम येतो, वजन उतरतं, आणि साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात ग्रंथी मंदावून मरगळ, बद्धकोष्ठ, उदासी येते. हे हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं आणि टीएसएच या साध्या तपासणीत कळतं. शाकाहारी असाल तर बी-१२ही पाहून घ्या. मात्र एक सापडलं म्हणून दुसरं नाही असं धरू नका.

दहा प्रश्न

एडिनबरा पोस्टनेटल डिप्रेशन स्केल ही यादी १९८७ साली तयार झाली आणि आज जगभर वापरली जाते. गेल्या सात दिवसांत हसू येत होतं का, पुढच्या गोष्टींची ओढ होती का, विनाकारण स्वतःला दोष दिला का, उगाच घाबरायला झालं का, इतकं वाईट वाटत होतं का की झोप लागेना, असे दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. तिची खुबी अशी की थकव्याचे प्रश्न तिने मुद्दाम वगळलेत. "दमता का? भूक लागते का?" असं विचारलं तर प्रत्येक बाळंतीण आजारी ठरेल.

दहा किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना दाखवा, तेरा किंवा जास्त असतील तर त्याच आठवड्यात. गुण म्हणजे निदान नव्हे, निदान डॉक्टर बोलूनच करतात. प्रश्न तिने एकटीने भरावेत. सासूबाई शेजारी बसल्या असताना भरलेल्या यादीचे गुण नेहमी कमीच येतात, असा माझा तरी ठाम समज आहे. आणि दहावा प्रश्न वेगळा पाहा. तो स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. तिथे "कधीच नाही" सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर एकूण गुण चार असले तरी थांबायचं नाही.

आजच्या आज

ती मरणाबद्दल बोलत असेल किंवा बाळालाही सोबत न्यावं असं म्हणत असेल, तर तिला आणि बाळाला एकटं ठेवू नका. औषधं, कीटकनाशकं, ओढण्या, गच्चीची किल्ली लांब ठेवा आणि जवळच्या सरकारी किंवा खासगी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

दुसरी तातडी म्हणजे बाळंतपणानंतरचा सायकोसिस. हजारात एक-दोन बायकांना तो होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि फार झपाट्याने वाढतो. दोन-तीन दिवस झोपच नाही, तरी थकवा नाही. बोलणं सुसाट किंवा असंबद्ध. कुणीतरी बाळ बदललंय, दुधात विष आहे, देवानं काही आज्ञा दिलीय असं ठामपणे वाटणं. आवाज ऐकू येणं. घटकेत एक, घटकेत दुसरं. वर सांगितलेल्या नकोशा विचारांहून हे असं वेगळं: तिथे ती विचाराला घाबरते, इथे तिला तो खरा वाटतो. अशा वेळी "बाहेरचं" म्हणून देवऋषीकडे नेण्यात जे दोन दिवस जातात तेच सर्वांत धोक्याचे असतात. रुग्णालयात नेलं तर हा आजार चांगला बरा होतो. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करायचं नसतं. तिच्यापासून बाळाला धोका असेल तर तात्पुरतं करता येतं, तेही देखरेखीखाली भेट देत.

एरवी कुठे जायचं, काय सांगायचं

सुरुवात तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांपासून करा. गावात असाल तर आशाताईंना सांगा. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर त्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, पण मुख्यतः बाळ बघायला येतात, म्हणून आईबद्दल आपणच बोलायला हवं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, आणि नवऱ्यानेही फोन केला तरी चालतो.

डॉक्टरांसमोर नवरे बहुतेकदा "झोप येत नाही हिला" एवढंच सांगतात आणि झोपेच्या गोळ्या घेऊन परततात. त्याऐवजी टिपलेल्या नोंदी वाचून दाखवा: "तीन रात्री बाळ माझ्याकडे होतं, तरी ती अडीचला जागी होते. काही हवंसं वाटत नाही. स्वतःला दोष देते." हेही सांगा, की पूर्वी कधी तिला काही दिवस झोपेशिवाय अफाट उत्साह, बेफाम खर्च, अखंड बडबड असं झालं होतं का, किंवा घरात कुणाला बायपोलर आजार आहे का. त्यावर औषध बदलतं.

सौम्य नैराश्यात समुपदेशन पुरेसं ठरू शकतं. गोव्यात गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी गरोदरपणापासून घरी जाऊन आयांशी ठराविक पद्धतीने बोलण्याचा उपक्रम तपासून पाहिला गेला, आणि त्याचा उपयोग दिसला. मध्यम-तीव्र आजारात गोळ्या लागतात. पाजणाऱ्या आईला बहुधा सर्ट्रालिन देतात, कारण ते दुधात फार कमी उतरतं. त्यासाठी अंगावरचं तोडायची सहसा गरज नसते. मात्र बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल तर बालरोगतज्ज्ञांनाही विचारा. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी अस्वस्थता होऊ शकते आणि फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बहुतेक घरांत गोळी दहाव्या दिवशी "गुण नाही" म्हणून सुटते ती यामुळेच. बरं वाटल्यावरही निदान सहा महिने ती चालू ठेवतात आणि डॉक्टर सांगतील तशी हळूहळू कमी करतात. गुंगी आणणारं कुठलंही औषध चालू असेल तर बाळाला तिच्या अंथरुणात झोपवू नका.

नवऱ्याने रोज काय करायचं

रात्रीचा तो नऊ ते दोनचा पहारा आजार बरा होईपर्यंत चालू ठेवायचा, आठवड्यात तीन रात्री तरी. झोप मोडली की नैराश्य वाढतं, गोळी चालू असतानाही. भेटायला येणाऱ्यांना थोपवायचं काम त्याचं. बाळ बघायला आलेल्या माणसांना चहा करत उभी असलेली बाळंतीण अजूनही घरोघरी दिसते, आणि ते मला अजिबात पटत नाही. "हस ना जरा, बाळाकडे बघ" हे वाक्य घरातल्या सगळ्यांना बंद करायला सांगा. "आज दहापैकी किती?" असा साधा प्रश्न तिला सोपा जातो.

तुम्ही पुण्या-मुंबईत आणि ती माहेरी असेल तर व्हिडिओ कॉलवर बाळाचा चेहरा बघून ठेवून देऊ नका. बाळ आजीकडे द्यायला सांगून दहा मिनिटं तिच्याशीच बोला. आणि स्वतःकडेही पाहा. दहात साधारण एका बापालाही या काळात नैराश्य येतं, आणि ते बहुधा चिडचिड, उशिरापर्यंत ऑफिस किंवा दारू या रूपात दिसतं. १४४१६ तुमच्यासाठीही आहे.

उपचार सुरू झाल्यावर दर दोन आठवड्यांनी तेच दहा प्रश्न पुन्हा भरा आणि गुण तारखेसह लिहून ठेवा. इस्लामपूरच्या त्या उदाहरणात सहाव्या आठवड्यात १७चे ९ झाले, असं धरा. चार-सहा आठवड्यांनंतरही गुण हलत नसतील तर डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा औषध बदलतात, त्यासाठी पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा. हा कागद बाळंतपणाच्या फाईलमध्येच लावून ठेवा. पुढच्या वेळी नैराश्य परत येण्याची शक्यता इतर बायकांपेक्षा जास्त असते, त्यामुळे दुसऱ्या गर्भारपणाच्या पहिल्याच भेटीत तो डॉक्टरांपुढे ठेवायचा आहे.